एक्क्याचा हात, राणीची मांडी

दोन पानं समोर ठेवा. डावीकडे पेंटॅकल्सचा एक्का, उजवीकडे पेंटॅकल्सची राणी. डेक रायडर-वेटचा असू द्या, कारण पुढे जे काही पाहायचं आहे ते त्याच चित्रांत आहे. डेक जवळ नसेल तर फोनवर चित्रं उघडलीत तरी चालेल, फक्त मेसेजचे आवाज तेवढे बंद करा. घाई नको. वाचता वाचता थांबायचं, पानाकडे पाहायचं, मग पुढची ओळ.

तुमच्या मनात एक माणूस आहे, हे धरून चालू. नवा आहे. फार बोलत नाही, पण कामाचा आहे. सांगितलेल्या वेळेला येतो, तुम्ही जेवलात का हे विचारतो, आणि त्याच्याजवळ बसलं की खांदे आपोआप खाली येतात. तुम्हाला विचारायचं आहे की हे खरं आहे का, आणि टिकेल का. तो प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. आधी पान पाहू.

एक्क्यापासून सुरुवात करा. करड्या आभाळात डाव्या बाजूला एक ढग आहे आणि त्यातून एक हात बाहेर आला आहे. तळहातावर एक मोठं सोनेरी नाणं आहे, नाण्यावर पंचकोनी चांदणी. आता नुसता हात पाहा. बोटं नाण्याभोवती आवळलेली नाहीत. नाणं टेकलं आहे, धरून ठेवलेलं नाही. डेकमधून वँड्सचा एक्का आणि स्वोर्ड्सचा एक्का काढून शेजारी लावलात तर फरक लगेच कळेल. तिथे काठी आणि तलवार मुठीत घट्ट आहेत. इथे हात उघडा आहे. हे नाणं कुणीतरी पुढे केलं आहे.

एक श्वास घ्या आणि स्वतःला विचारा: माझ्यापुढे नेमकं काय केलं गेलं आहे? ‘प्रेम’ असं उत्तर येईल. ते खरंही असेल, पण ते कप्सच्या एक्क्याचं उत्तर झालं. पेंटॅकल्स ही मातीची पानं आहेत. पत्त्यांत जी चौकट, तीच इथे पेंटॅकल्स: पैसा, घर, शरीर, काम, जेवण, वेळ. तेव्हा उत्तरही हाताला लागेल असं हवं. रविवारची दुपार. दवाखान्यात सोबत. सहा महिन्यांनी भाड्याचं घर शोधू या, असा शब्द. मुलाच्या गणिताचा अभ्यास. यातलं काय, ते एका वाक्यात सांगता येतं का पाहा. येत नसेल तर तेही लक्षात ठेवा. नाणं दिसत असेल तर त्याचं वर्णन करता येतं.

आता नाण्यावरून नजर खाली आणा. खाली बाग आहे. पांढऱ्या लिलीची फुलं आहेत, एक पायवाट आहे आणि ती हिरव्या कुंपणातल्या कमानीकडे जाते. कमानीवर लाल फुलं. कमानीतून पलीकडे डोंगर दिसतात, लांब, थोडेसेच. बागेत काय नाही, तेही पाहा. माणूस नाही. एकही नाही.

इथे थोडं जास्त थांबा, कारण नव्या नात्यात हे पान आलं की वाचणारे बहुतेकदा इथेच घसरतात. एक्का आला म्हणजे स्थिर जोडीदार आला, असं धरून मोकळे होतात. एक्क्यात जोडीदार नाहीच. एक्का कुणाच्या स्वभावाबद्दल अवाक्षर काढत नाही. तो म्हणतो की एक ठोस गोष्ट पुढे केली गेली आहे, पायवाट मोकळी आहे, आणि त्या वाटेने अजून कुणी चाललेलं नाही. वेटने या पानाला पूर्ण समाधान, आनंद आणि सोनं असे अर्थ दिले, आणि उलट्या पानासाठी संपत्तीची वाईट बाजू सांगितली. म्हणून एक्का उलटा आला असेल तर पुढे केलेल्या वस्तूला काही दोरी बांधली आहे का, हे आधी पाहावं. भेटवस्तू महाग आहे, पण तिची आठवण दर भांडणात करून दिली जाते, असं काही.

वेटचं नाव आलंच आहे तर थोडं सांगतो. हा डेक डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेटची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. दोघंही गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळातले. जुन्या बहुतेक डेकमध्ये साध्या पानांवर नुसती नाणी आणि पेले मोजून काढलेले असत. या डेकमध्ये प्रत्येक पानावर प्रसंग आला, आणि म्हणूनच आपण आज असं चित्रात शिरून बसू शकतो. पामेलाबाईंनी त्याच वर्षी फोटोग्राफर आल्फ्रेड स्टिग्लित्झला पत्रात कळवलं होतं की काम मोठं झालं आणि पैसे फार थोडे मिळाले. नाण्यांची चौदा सुंदर पानं काढणाऱ्या बाईच्या हाती फारशी नाणी पडली नाहीत. पेंटॅकल्सबद्दल कुणी फार हळवं बोलू लागलं की मला हे पत्र आठवतं.

आता राणीकडे वळा.

आधी तिची नजर पाहा. ती तुमच्याकडे पाहत नाही, समोर पाहत नाही. मान खाली आहे. मांडीवर नाणं आहे, दोन्ही हातांनी सांभाळलेलं, आणि ती त्या नाण्याकडे पाहते आहे. चेहरा गंभीर आहे. आनंदी म्हणता येणार नाही, दुःखीही नाही. दुधाला उकळी येईपर्यंत शेगडीपाशी उभं राहणाऱ्या माणसाचं लक्ष जसं असतं, तसं ते लक्ष आहे. वेटने या चेहऱ्यात मनाचा मोठेपणा आणि गंभीर बुद्धी पाहिली, आणि ती त्या नाण्यात अख्खी जगं पाहत असेल असंही सुचवलं.

मग तिच्या भोवती पाहा. सिंहासनाच्या हातावर बकऱ्याचं शिर कोरलेलं आहे. कोरीव कामात फळं आहेत. डोक्यावर लाल गुलाबांची वेल कमानीसारखी आली आहे. मागे निळे डोंगर, आणि आभाळ पिवळं. एक्क्याचं आभाळ करडं होतं, हे ध्यानात असू द्या. पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक ससा आहे. सापडला? बरेच जण या पानाशी वर्षानुवर्षं खेळूनही तो पाहत नाहीत.

सशाचा रूढ अर्थ सुफलता, म्हणजे मुलंबाळं आणि भरभराट. चुकीचा नाही. पण मला त्या सशात वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. तो बांधलेला नाही. त्याला पिंजरा नाही, दोरी नाही, राणी त्याच्याकडे बघतही नाही. रानातलं भित्रं जनावर आपण होऊन तिच्या जवळून पळतं आहे. वेटने राणीला जे अर्थ दिले त्यांत समृद्धी आणि औदार्य आहे, आणि शेवटी दोन गोष्टी लागोपाठ येतात: सुरक्षितता आणि मोकळीक. उलट्या पानाला मात्र संशय, भीती, अविश्वास.

हे दोन्ही अर्थ एकत्र मनात धरा. सरळ पानात सुरक्षितता आणि मोकळीक जोडीने आहेत. पान उलटलं की संशय येतो. म्हणजे या राणीची खूण नुसत्या काळजी घेण्यात नाही. काळजी घेणारे पुष्कळ असतात. खूण अशी की तिच्या काळजीत तुम्ही आखडत नाही. आता त्या माणसाला मनात आणा. त्याच्यासोबतचा कालपरवाचा एखादा प्रसंग घ्या, फार मोठा नको. तुम्ही म्हणालात, आज नको, आज मैत्रिणीकडे जाते. मग काय झालं? ‘बरं, सावकाश ये,’ म्हणून तो आपल्या कामाला लागला? की दर अर्ध्या तासाने ‘पोचलीस का’ असा मेसेज आला, आणि तुम्ही त्याला काळजी म्हणालात? ससा जवळ आला, की सशाला टोपलीत घातलं?

लगेच उत्तर देऊ नका. तो प्रसंग पुन्हा एकदा सावकाश पाहा.

राणीची गल्लत ज्या पानाशी होते ते पेंटॅकल्सची चौकडी. डेकमध्ये असेल तर काढून राणीशेजारी ठेवा. एक माणूस दगडी बाकावर बसला आहे. एक नाणं त्याने दोन्ही हातांनी छातीशी कवटाळलं आहे, एक मुकुटावर आहे, दोन पायांखाली दाबली आहेत. मागे अख्खं शहर आहे आणि त्याची पाठ शहराकडे आहे. तोही स्थिर आहे. इतका स्थिर की उठला तर नाणी घरंगळतील. आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यांत ‘मुलगा सेटल आहे’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा हेच पान हातात असतं आणि लोक त्याला राणी म्हणून वाचतात. फ्लॅट, पगार, गाडी. सगळी नाणी जागच्या जागी, फक्त एकही दुसऱ्याच्या हातात जायला मोकळं नाही. राणीचं नाणं मांडीवर आहे. मांडी ही देण्याघेण्याची जागा आहे.

आता दोन पानं जोडून वाचू. समजा, सांगलीतली अडतीस वर्षांची एक बाई आहे. जिल्हा पातळीवरच्या एका सहकारी बँकेत नोकरी, घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नववीत. चार महिन्यांपूर्वी एका माणसाशी ओळख वाढली. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, विधुर आहे, आई सोबत राहते. तो फुलं आणत नाही. पाण्याच्या टाकीची मोटर जळली तेव्हा रात्री येऊन खोलून घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी बसवून गेला. पैसे घेतले, पण फक्त तांब्याच्या तारेचे. ती पानं पिसते आणि विचारते: हा माणूस टिकेल का?

प्रश्न आधी बदलायला हवा. ‘टिकेल का’ला हो किंवा नाही एवढंच उत्तर आहे, आणि ते पान देऊ शकत नाही. त्या माणसाच्या पुढच्या दहा वर्षांची खबर कागदाच्या तुकड्याला कुठून असणार? प्रश्न असा करू: माझ्यापुढे काय केलं गेलं आहे, आणि ते कोणत्या वृत्तीने केलं गेलं आहे? पहिली जागा देणगीची, दुसरी वृत्तीची. पहिल्या जागी एक्का येतो, दुसऱ्या जागी राणी. दोन्ही सरळ.

एक्का पाहिल्याबरोबर तिच्या मनात दुकान आणि त्याचं घर येतं. राणी पाहिल्यावर चेहरा पडतो. ती म्हणते, ही त्याची आई. सिंहासनावर बसलीय बघा.

हसू नका, हे वाचन अगदीच वेडगळ नाही. दरबारी पान आलं की ते तीन ठिकाणी बसू शकतं: समोरचा माणूस, आपण स्वतः, किंवा नात्यात वजन असलेलं तिसरं कुणी. आपल्या घरांत तिसरं कुणी म्हटलं की सासूबाई आठवणं साहजिक आहे. पण ठरवायचं कसं? जुनी पद्धत रंगरूपावरून ठरवायची. राणीच्या चेहऱ्यावरून ती सावळी बाई असावी, असं वेटनेही नोंदवून ठेवलं. ही पद्धत सोडून द्या. रंगावरून माणसं जुळवण्याचा आपला रोग आधीच जुना आहे, त्यात टॅरोची भर नको. बाई की पुरुष, यावरही जाऊ नका. राणी हे लक्ष देण्याच्या एका तऱ्हेचं नाव आहे. प्रश्न इतकाच विचारायचा: या सगळ्या गोष्टीत मान खाली घालून, हातातल्या वस्तूकडे बघत कोण बसलं आहे?

ती विचार करते. मोटर खोलताना तो कसा बसला होता ते आठवतं. बॅटरी तोंडात धरून, एकेक बोल्ट डबीच्या झाकणात ठेवत. मुलाने विचारलं की वायंडिंग म्हणजे काय, तर त्याने काम थांबवून त्याला जळकी तार हातात दिली. राणी तो आहे. मिशीवाला माणूस पेंटॅकल्सची राणी असायला काहीच हरकत नाही. आई तिसरी आहे, आहेच, पण तिच्यासाठी वेगळी जागा ठेवून वेगळं पान काढावं लागेल. एका पानावर दोन माणसं बसवली की दोघंही वाचता येत नाहीत.

मग एक्का? दुकान आणि घर ही त्याची मालमत्ता झाली. ती कुणी तिच्यापुढे केलेली नाही. पुढे काय केलं आहे? ती पुन्हा पाहते. त्याने तिच्या मुलाला शनिवारी दुकानात यायला सांगितलं आहे. शिकायचं असेल तर शिकवतो, नसेल तर नुसता बस. एवढंच नाणं आहे. लहान दिसतं. पण तळहातावर टेकलेलं आहे, आवळलेलं नाही, आणि ‘नसेल तर नुसता बस’ या शब्दांत त्या सशाची मोकळीक आहे.

जागा उलट असत्या, म्हणजे देणगीच्या जागी राणी आणि वृत्तीच्या जागी एक्का, तर वाचन पालटलं असतं. राणी देणगी म्हणून आली की सांभाळणारं घर तयार आहे, कदाचित फारच तयार आहे. तुम्हाला त्यात जाऊन बसायचं आहे. आणि वृत्ती एक्क्याची म्हणजे नवशिकी, कोरी, अजून कसाला न लागलेली. अशा वेळी मी तरी थोडा सावध राहीन.

आता तुमच्या पानांकडे परत या. दोन्हींकडे एका नजरेत पाहा. एक्क्याच्या कमानीतून डोंगर दिसत होते. राणीच्या मागे डोंगर आहेत. एक्क्याच्या कमानीवर लाल फुलं होती, राणीच्या डोक्यावर लाल गुलाब आहेत. वेटने असं लिहिलेलं नाही, हे माझं वाचन आहे, पण मला राणी त्या कमानीच्या पलीकडे बसलेली दिसते. बागेतली रिकामी पायवाट तिच्यापाशी पोचते. एक्क्यात हवेत असलेलं नाणं तिच्या मांडीवर आलं आहे.

ते आलं कसं? पेंटॅकल्सची पानं क्रमाने लावा. एक्का आणि राणी यांच्यामध्ये अकरा पानं आहेत. दोनमध्ये एक तरुण दोन नाण्यांची कसरत करतो आहे. तीनमध्ये कारागीर चर्चच्या भिंतीशी काम करतो आहे. सातमध्ये शेतकरी अवजारावर रेलून झाडाला लागलेल्या नाण्यांकडे बघत उभा आहे, अजून तोडणी नाही. आठमध्ये एक माणूस बाकावर बसून नाण्यावर हातोडी मारतो आहे, एकामागून एक. घोडेस्वार आहे, पण त्याचा घोडा उभाच आहे. चारही घोडेस्वारांत हाच एक जागचा हलत नाही. मिठीत घेतलेलं कुणी यांत सापडत नाही. काम आहे, वाट पाहणं आहे, हिशेब आहे.

आणि पाच आहे. पाचात बर्फ पडतो आहे. फाटक्या कपड्यांतली दोन माणसं चालली आहेत, एकाला कुबड्या आहेत, वर चर्चची रंगीत खिडकी उजळलेली आहे आणि ते तिच्याखालून पुढे जात आहेत. पेंटॅकल्समधलं हे सगळ्यात नकोसं पान. पण नव्या स्थिर जोडीदाराचा विचार करताना मी मुद्दाम याच पानापाशी थांबायला सांगतो. डोळे मिटा. तुमच्या त्या माणसाला या बर्फात आणा. दोघं चालता आहात. कोण पुढे आहे? कोण वळून पाहतं? तुमच्या हातात कुबड्या असतील तर त्याचा वेग कमी होतो का? आणि त्याच्या हातात असतील तर तुमचा?

हे चित्र मनात उमटत नसेल तर त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही दोघांनी एकत्र बर्फ पाहिलेला नाही. चार महिन्यांत पाहिलेला नसतो. आजारपण, नोकरीतला फटका, घरातलं मरण, यातलं काही अजून आलेलं नाही. मग एक्का हे नेमकं बरोबर पान आहे. राणी ही शक्यता आहे, आणि आज तिची एखाददुसरी झलक दिसली आहे. तेवढंच खरं माना.

मातीच्या पानांची एक सोय आहे, ती वापरा. कप्सच्या पानात जे दिसतं ते तपासता येत नाही. मन भरून आलं होतं की नव्हतं, याला पुरावा नाही. पेंटॅकल्सचं तसं नाही. त्यात जे म्हटलं जातं ते घडतं किंवा घडत नाही. म्हणून कागद घ्या. या माणसाने पुढे केलेली एक गोष्ट लिहा, तारखेसकट. शनिवारी दुकानात ये, म्हणाला होता. मग पुढचे तीन महिने बघा. किती शनिवार झाले, किती राहिले, राहिले तेव्हा आधी कळवलं का. पैशांचं बोलणं निघालं तर कर्ज किती, हप्ते किती हे सरळ सांगतो का, की विषय बदलतो. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा काय झालं, तेही लिहा. ही हेरगिरी नव्हे, त्याच्या मोबाइलला हात लावायचा नाही. जे तुमच्या समोर घडलं तेवढंच.

एक मात्र स्पष्ट सांगतो. नवा माणूस उसने पैसे मागत असेल, तुमच्या नावावर कर्ज काढू या म्हणत असेल, कुठे सही करा म्हणत असेल, तर दोन्ही पानं सरळ आली म्हणून सही करू नका. त्या वेळी पानं मिटून ठेवायची आणि घरातल्या जाणत्या माणसाला किंवा वकिलाला विचारायचं.

शेवटचं पाहणं राहिलं. राणीकडे पुन्हा एकदा पाहा, आता फक्त तिच्याकडे. ती एकटी आहे. बाग भरलेली आहे, वेल फुलली आहे, आणि तिच्या शेजारी दुसरं आसन नाही. ‘माझी काळजी घेणारा माणूस मिळाला’ असं म्हणताना हे नसलेलं आसन आपण विसरतो. जो दुसऱ्याची मोटर रात्री येऊन खोलतो, त्याच्या घरातली मोटर बिघडली तर कुणाला फोन करतो? त्याला शेवटचं कुणी विचारलं होतं की तू जेवलास का? तुम्हाला ठाऊक आहे? पेंटॅकल्सची राणी थकते तेव्हा बोलून दाखवत नाही. ती नाण्याकडे आणखी खाली वाकून बघत राहते, आणि मग पान उलटतं: माझी किंमत आहे का, मला गृहीत धरलं का, हा संशय तिथून सुरू होतो. उलटी राणी नेहमी कपटी असते असं नाही, पुष्कळदा ती दमलेली असते.

तेव्हा एक्क्याचा हात पुन्हा पाहा आणि या वेळी तो हात तुमचा आहे असं समजा. उघडा तळहात, त्यावर टेकलेलं एक नाणं. या आठवड्यात त्या माणसापुढे तुम्ही काय कराल? हाताला लागेल असं सांगा, आणि एकच सांगा. सांगलीच्या त्या बाईला सुचलं ते असं: दुकानाचं जीएसटीचं काम तो दर महिन्याला शेवटच्या दिवशी रात्री जागून करतो. बँकेतल्या बाईला ते काम तासाभराचं. तिने विचारावं, करून देऊ का. आणि तो नको म्हणाला तर तिनेही ‘बरं’ म्हणावं.

झालं. पानं उचला आणि डेकमध्ये घाला. तिसरं पान काढावंसं वाटेल, जरा खुलासा होईल म्हणून. काढू नका, मनासारखं येईपर्यंत काढत राहण्याची ती सुरुवात असते, आणि सहाव्या पानाला कुणालाही हवं ते उत्तर मिळतं. कागदावर आजची तारीख घाला, तीन महिन्यांनंतरची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि तोवर या प्रश्नासाठी डेक पिसू नका.